आधी परतीचे पैसे

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही काशीला गेलो, त्या प्रवासाच्या अंदाजपत्रकाची वही अजून माझ्याकडे आहे. मी, बायको, आई आणि अण्णा. आठ दिवस, काशी-प्रयाग-गया, एकूण ४८,००० रुपये. शेवटच्या ओळीत लिहिलंय: किरकोळ व अडीनडीला, २,०००. माझी सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली आणि त्या वहीचा मला अभिमान होता. यात्रा म्हणजे थोडे कष्ट आलेच, आईवडिलांनाही थाटमाट नकोच असतो, असं मी मनापासून मानत होतो. आज मला वाटतं, त्या वहीत जी ओळ सगळ्यात खाली होती ती सगळ्यात वर असायला हवी होती. हे कळायला जे घडावं लागलं त्यात दोष माझा होता.

अण्णा तेव्हा ७४ वर्षांचे होते. रक्तदाब होता आणि प्रोस्टेट वाढलेलं होतं. रात्री चार वेळा उठायचे. हे मला माहीत होतं, पण पैशाच्या हिशेबात ते कुठे मांडायचं असतं हे माहीत नव्हतं. चौघांचं मिळून एकच तिकीट काढलं. ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेले खालचे बर्थ मिळायचे तर तिकिटावर एक किंवा दोन ज्येष्ठच असावे लागतात. तरुण माणसांची नावं सोबत घातली की त्या कोट्याचा विचारच होत नाही. आईअण्णांचं तिकीट वेगळं काढायला एक पैसाही जास्त लागला नसता. आम्हाला खालचा एकच बर्थ मिळाला, तो आईला दिला आणि अण्णांना मधल्यावर चढवलं. "चालेल का?" असं मी विचारलं. "चालेल की," ते म्हणाले.

पुण्याहून काशी सत्तावीस-अठ्ठावीस तासांची. संध्याकाळनंतर अण्णांनी पाणी पिणं सोडलं. रात्री सारखं उतरावं लागू नये म्हणून. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि मला दिसलं नाही.

काशीत घाटाजवळची स्वस्त खोली घेतली होती, तिसरा मजला, लिफ्ट नाही. डिसेंबरातली तिथली थंडी आपल्याकडच्यासारखी नसते. पहाटे नावेत बसलो तेव्हा अंगावरची शाल दमट झाली होती. दुसऱ्या दिवशी अण्णांना सर्दी झाली. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या आणि दिवसातून तीनदा दिल्या. त्या रात्री दोन वाजता त्यांनी मला उठवलं. लघवी होत नव्हती. ओटीपोट दगडासारखं झालं होतं आणि ते भिंतीला धरून उभे होते.

नंतर डॉक्टरांनी समजावलं तेव्हा सगळं जुळलं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन असतं. एकामुळे मूत्राशयाचा जोर कमी होतो, दुसऱ्यामुळे मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने साफ अडकू शकते. थंडी आणि तासन् तास रोखून धरणं यांची त्यात भर पडते. पन्नास रुपयांच्या आत मिळालेली ती पट्टी मीच त्यांच्या हातात ठेवली होती.

तिसऱ्या मजल्यावरून त्यांना मी आणि खालच्या पानवाल्याने खुर्चीत बसवून उतरवलं. गल्लीतून गाडी येत नव्हती, मुख्य रस्त्यापर्यंत सातशे-आठशे पावलं तशीच नेली. दवाखान्यात नळी घालायला दहा मिनिटं लागली, पण त्याआधी काउंटरवर ३०,००० अनामत मागितली गेली. माझ्या कार्डावर एटीएममधून दिवसाला २५,००० निघत होते. पहाटे तीन वाजता मी मेहुण्याला फोन करून पैसे मागितले. अण्णा स्ट्रेचरवर होते, सगळं ऐकत होते. पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा ते मला म्हणाले, "माझ्यामुळे तुला हात पसरावा लागला रे."

हे वाक्य मी सात वर्षं विसरलेलो नाही.

दोन रात्री दवाखाना, ३१,४०० रुपये. औषधं आणि रिक्षा ३,२००. हॉटेलच्या जास्तीच्या रात्री ५,६००. नळी लावलेल्या माणसाला अठ्ठावीस तास रेल्वेने नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी, आई आणि अण्णा दुसऱ्या दिवशीच्या विमानाने मुंबईला आलो. तीन तिकिटांचे ३२,४०० झाले आणि मुंबईहून पुण्याला गाडीचे ३,५००. बायको चौघांचं सामान घेऊन एकटी रेल्वेने आली. वरखर्च ७६,१०० रुपये, म्हणजे मूळ अंदाजाच्या दीडपटीहून जास्त. गया राहून गेली.

पुढची काही वर्षं मी स्वतःशी असंच म्हणत होतो की ते नशीब होतं. मत बदललं ते २०२४ मध्ये. अण्णा ८० चे झाले होते. एका संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "गयेचं राहिलं." मी जुनी वही काढली आणि पुन्हा माणशी रोजचा खर्च मांडायला लागलो. बायकोने वही मिटली. म्हणाली, "आधी एवढं लिहा, गयेहून आज रात्री घरी यायचं झालं तर किती लागतील?"

मी तोवर राखीव रकमेकडे टक्केवारी म्हणून बघत होतो. एकूण खर्चाच्या दहा टक्के बाजूला ठेवले की झालं. तिचा प्रश्न वेगळा होता. राखीव रकमेचा सहलीच्या खर्चाशी संबंधच नाही, सहल स्वस्त असली तरी माघारी येणं स्वस्त होत नाही. म्हणून आम्ही एकच प्रसंग डोळ्यांसमोर धरला आणि त्याचा हिशेब केला. आयत्या वेळची चार विमान तिकिटं, १५,००० प्रमाणे ६०,०००. दवाखान्याची अनामत ५०,०००. दोन खोल्या आणखी तीन रात्री, २१,०००. गयेहून मोठ्या शहरातल्या दवाखान्यापर्यंत गाडी, ९,०००. एकूण १,४०,०००. ही रक्कम जमेपर्यंत तिकिटं काढायची नाहीत असं ठरवलं आणि त्यासाठी यात्रा एक वर्ष पुढे ढकलली. अण्णांच्या वयाला एक वर्ष फार मोठं असतं. तरीही थांबलो. यादीतून अयोध्या आणि प्रयाग काढून टाकले.

पैसे कुठे आहेत हेही तेवढंच महत्त्वाचं. मुदत ठेवीतली रक्कम पहाटे तीन वाजता उपयोगाची नसते. एक लाख माझ्या बचत खात्यात ठेवले, वीस हजार बायकोच्या खात्यात आणि वीस हजार रोख तिच्या पर्समध्ये, म्हणजे एक फोन हरवला किंवा एक कार्ड अडलं तरी काम थांबणार नाही. आईअण्णा दोघंही सत्तरीच्या पुढचे असल्यामुळे आयुष्मान वय वंदना कार्डं काढून घेतली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार त्यातून मिळतात. पण ते दाखल झाल्यावर आणि योजनेतल्या रुग्णालयातच. रात्री जवळचं दार ठोठावताना ते यादीत असेलच असं नाही, म्हणून अनामतीचे पन्नास हजार कमी केले नाहीत.

सोयीच्या खर्चाचं मी "चालेल का?" या प्रश्नावर ठरवत होतो. आपल्या आईवडिलांच्या पिढीचं या प्रश्नाला एकच उत्तर असतं. या वेळी दुसरे प्रश्न विचारले. रात्री किती वेळा उठता? किती पायऱ्या चढल्यावर कठड्याला हात जातो? गाडीत किती वेळाने पाय मोकळे करावेसे वाटतात? आईने सांगितलं, सात पायऱ्या. अण्णा म्हणाले, दीड तास. या उत्तरांवरून खोल्या ठरल्या: लिफ्ट, कमोड, आणि दारापर्यंत येणारी गाडी. घाटाजवळची खोली सोडून कँटोन्मेंटच्या बाजूला राहिलो. रात्रीला ३,२०० पडले, जुन्या खोलीच्या तिपटीहून जास्त. पण काशीत घाटाजवळ राहणं म्हणजे गल्ल्यांतून चालणं, आणि ते चालणं आता आईच्या गुडघ्यांचं राहिलेलं नव्हतं. एक दिवस सोडून एक दिवस मोकळा ठेवला. मोकळ्या दिवसाचाही खर्च होतो, ही मला आधी उधळपट्टी वाटली असती.

निघण्याआधी अण्णांच्या डॉक्टरांकडून एक कागद लिहून घेतला. त्यावर आजार, चालू औषधांची मूळ नावं, आणि लाल शाईने काय द्यायचं नाही ते. सर्दीच्या त्या दोन्ही औषधांची नावं त्यात सगळ्यात वर होती. औषधं लागणार होती त्यापेक्षा पाच दिवस जास्त घेतली आणि दोन पिशव्यांत वाटून ठेवली, एक माझ्याकडे, एक बायकोकडे.

२०२५ च्या नोव्हेंबरात गेलो. पितृपक्षातली गयेची गर्दी ओसरलेली होती. विमानं, खोल्या, गाडी, जेवण आणि विधी धरून सहलीचा खर्च १,६०,००० ठरला होता. राखीव रक्कम जवळजवळ तेवढीच. काशीहून गया साधारण अडीचशे किलोमीटर. दर दीड तासाने थांबायचं हे ड्रायव्हरला निघण्याआधी सांगितलं आणि त्याचे जास्त तास पैशात धरले. गयेत फल्गूच्या काठी, विष्णुपदावर आणि अक्षयवटाखाली पिंडदान झालं. विष्णुपदाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी बांधलेलं, हे गुरुजींनी सांगितल्यावर अण्णा बराच वेळ त्या काळ्या दगडाला हात लावून उभे होते. प्रेतशिलेच्या पायऱ्या शेकड्यांनी आहेत, तिथे गेलो नाही.

विधीनंतर आईला चक्कर आली. रक्तदाब खाली गेला होता, सकाळपासून उपाशी होती. डॉक्टर खोलीवर आले, विश्रांती सांगितली. आम्ही एक दिवस वाढवला आणि परतीची तिकिटं बदलली. राखीव रकमेतून १३,६०० गेले. मी कोणाला फोन केला नाही. आईने खर्चाचं विचारलं तेव्हा बायको म्हणाली, "आई, यासाठीच ठेवलेत." आई पुन्हा झोपली.

परत काशीकडे येताना सासारामच्या अलीकडे गाडी थांबवली. अण्णांनी हळूच विचारलं, "पुढे सोय आहे ना रे?" मी म्हटलं, आहे, तासाभराने पुन्हा थांबायचंय. त्यांनी पाण्याची अर्धी बाटली संपवली, चहा घेतला, आणि टपरीवाल्याला हाताने खूण करून आणखी एक मागवला.