बिल परत आलं. नोटिंगचे १५० रुपये कोणाचे?



बारावीच्या मुलांना विपत्राचा अनादर शिकवताना मी उदाहरण आपल्याच भागातलं घेते. पोलादपूरच्या व्यापाऱ्याने महाडच्या दुकानदाराला २०,००० रुपयांचा माल उधार दिला आणि १ मे २०२१ रोजी तीन महिन्यांचं बिल काढलं. दुकानदाराने ते स्वीकारलं. सवलतीचे तीन दिवस धरून देय तारीख ४ ऑगस्ट. व्यापाऱ्याने बिल आधीच बँकेत वटवलेलं होतं. जुलैअखेर सावित्रीचा पूर आला, दुकानातला माल भिजला आणि बिल परत आलं.

"म्हणजे दुकानदार लबाड का, मॅडम?" एका मुलाने विचारलं. त्याच्या घरातही तेव्हा पाणी शिरलं होतं. मी म्हटलं, "नाही रे. वही लबाडी लिहीत नाही, येणं-देणं लिहिते."

बिल नाकारलं गेल्याची नोंद नोटरीने केली, तिचे १५० रुपये बँकेने दिले. मुलं इथेच चुकतात. बँकेने पैसे दिले म्हणून ती खर्च बँकेचा मानतात, नाहीतर व्यापाऱ्याचा. खरं तर बँक २०,१५० रुपये व्यापाऱ्याकडून वसूल करते आणि तो तेवढेच दुकानदाराच्या नावे टाकतो. त्याच्या वहीत दुकानदार नावे, बँक जमा. खर्च सोसतो दुकानदार. त्याच्या वहीत देय विपत्र २०,००० आणि नोटिंग खर्च १५० नावे, व्यापारी २०,१५० जमा. बिल वटवताना व्यापाऱ्याने सोसलेला कसर मात्र या नोंदीत परत येत नाही.

आता नूतनीकरण. दुकानदाराने ८,१५० रुपये रोख दिले, उरले १२,०००. त्यासाठी दोन महिन्यांची मुदत, व्याज दरसाल १२ टक्के. व्याज फक्त उरलेल्या रकमेवर, म्हणजे २४० रुपये. काही मुलं ते २०,१५० वर काढतात आणि ४०३ रुपये लिहितात. त्यांना एवढंच विचारा, "जे पैसे दिले, त्यावर व्याज कशाला?"

व्याज रोख न दिल्यामुळे नवं बिल १२,२४० रुपयांचं झालं. व्यापाऱ्याच्या वहीत आधी दुकानदार नावे, व्याज जमा २४०. मग रोख ८,१५० आणि प्राप्य विपत्र १२,२४० नावे, दुकानदार २०,३९० जमा.

उत्तर बरोबर आहे का, हे मुलांना स्वतःच पाहता येतं. दुकानदाराचं खातं काढायला सांगा. नावे २०,१५० आणि २४०, जमा २०,३९०, शिल्लक शून्य. शून्य आलं नाही तर बहुतेक वेळा नोटिंग किंवा व्याजाची नोंदच राहिलेली असते. पण ४०३ ची चूक या ताळ्यात सापडत नाही, कारण तीच रक्कम दोन्ही बाजूंना जाते. म्हणून व्याजाचं गणित वेगळं तपासा.

त्या मुलाचं खातं शून्यावर आलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे दुकानदाराला वेळ मिळाला, फुकट नाही." नूतनीकरण ते हेच.