शब्द तोच, लहेजा वेगळा
ख्यालात राग आधी. बंदिशीचे मोजके शब्द त्याला आधार देतात आणि आलाप-ताना सुरू झाल्या की मागे पडतात. ठुमरीत मात्र शब्दच पुढे असतो. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ‘जमुना के तीर’ ऐका. ओळ तीच, पण दर वेळी नव्या सुरांतून येते. एकच बोल कधी विनवणी, कधी तक्रार होतो, याला ‘बोल बनाव’ म्हणतात. त्यासाठी रागाबाहेरचा सूरही चालतो. नुसत्या ताना घेतल्या, तर ठुमरीचा छोटा ख्याल होतो. दादरा सहा मात्रांचा, चालीने हलका. त्यात गायिका मधेच उर्दू शेरही पेरतात. वर्गात शेर शिकवताना मीही सांगतो, लहेजा बदला, अर्थ बदलेल.