गोष्ट आधी, पेटी नंतर

कला शाखेच्या विद्यार्थ्याने गुंतवणूकदारांच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला. त्याला कारण माझा मावसभाऊ. दादाने दोन मित्रांच्या साथीने दूध गार ठेवणारी, सूर्यप्रकाशावर चालणारी एक पेटी तयार केली आहे आणि गावोगावच्या संकलन केंद्रांना ती महिना भाड्याने देतो. हाताशी तीन महिन्यांचे पगार होतील एवढेच पैसे उरले होते, आणि भांडवलासाठी वीस मिनिटांची एक भेट ठरली होती. त्या भेटीत दाखवायच्या स्लाइड्स, ज्याला ही मंडळी पिच डेक म्हणतात, दादाने मला वाचायला दिल्या. "तुला कळले तर कोणालाही कळेल," हे त्याचे कारण!

पहिल्याच स्लाइडवर पेटीचा कॉम्प्रेसर, भिंतींची जाडी आणि बॅटरीची क्षमता. पेटी उत्तम असेलही. पण ती कोणत्या दुखण्यावरचे औषध आहे, हे मला सातव्या स्लाइडवर कळले.

याच्या उलट उदाहरण म्हणून आम्ही एअरबीएनबीचा सुरुवातीचा डेक उघडला. तो आज कोणालाही पाहता येतो. तेव्हा त्या कंपनीचे नाव एअरबेड अँड ब्रेकफास्ट होते. तिच्या पहिल्या पानावर एकच वाक्य आहे: हॉटेलऐवजी स्थानिक माणसाच्या घरी खोली घ्या. मग अडचण, तीही तीनच मुद्द्यांत: हॉटेल महाग पडते, हॉटेलात राहून शहराशी ओळख होत नाही, आणि कोणाच्या घरी खोली मिळवण्याची सोपी सोय नाही. त्यानंतर उपाय. कमाईच्या पानावर मुख्य गोष्ट एकच, प्रत्येक व्यवहारावर दहा टक्के. शेवटी मागणी: बारा महिन्यांसाठी पाच लाख डॉलर, आणि त्यातून ऐंशी हजार व्यवहारांपर्यंत पोहोचायचे. किती हवे, किती दिवसांसाठी आणि त्यातून कुठवर जाणार, ही तिन्ही उत्तरे एका पानावर. अर्थात मांडणी चांगली म्हणजे पैसे मिळालेच, असे नव्हे. 2008 च्या उन्हाळ्यात त्यांनी सात गुंतवणूकदारांकडे दीड लाख डॉलर मागितले, तेव्हा पाचांनी नकार दिला आणि दोघांनी उत्तरच दिले नाही.

मग मी दादाला एक गोष्ट करायला लावली. प्रत्येक स्लाइडचा मथळा पूर्ण वाक्यात लिहायचा आणि नुसते मथळे ओळीने मोठ्याने वाचायचे. 'बाजारपेठ' हा मथळा नव्हे, ती फाइलीवरची चिठ्ठी झाली. "संध्याकाळचे दूध सकाळपर्यंत नासते." "म्हणून केंद्रे ते घेतच नाहीत." "आमच्या पेटीत ते रात्रभर टिकते." असे वाचत गेलो की कुठे साखळी तुटते ते कानाला लगेच कळते. ज्या मथळ्यात 'आणि' आले त्या स्लाइडच्या आम्ही दोन केल्या. कॉम्प्रेसर गेला परिशिष्टात. दादाला ते फार जड गेले. वर्षभराची रात्रंदिवस मेहनत त्या पानावर होती.

खरा वाद झाला आकड्यांच्या स्लाइडवर. तिथे बारा महिन्यांचा सहा रकान्यांचा तक्ता होता, आणि शेजारी 'आजवर दिलेल्या पेट्या' अशी चढत जाणारी रेघ, शेवटी 52 वर पोहोचलेली. आता अशी एकूण बेरजेची रेघ कधी खाली येतच नाही. धंदा बसला तरी ती फार तर आडवी होते. मी विचारले, "दादा, आज वापरात किती आहेत?" तो म्हणाला, "चाळीस. बारा परत आल्या." मुरलेला गुंतवणूकदार हाच प्रश्न पहिल्यांदा विचारणार, आणि तो त्याने विचारण्याआधी आपण सांगणे वेगळे.

शेवटी त्या स्लाइडवर दर महिन्याला वापरात असलेल्या पेट्यांचे बारा स्तंभ राहिले. त्यांचा पाया शून्यापासून धरला, कारण तो तीसपासून धरला तर चाळीसचा स्तंभ पस्तीसच्या दुप्पट उंच दिसतो. ठळक रंग फक्त शेवटच्या स्तंभाला, आकडाही त्याच्याच डोक्यावर. मथळा असा: "52 पैकी 40 पेट्या आजही चालू आहेत." गाय कावासाकी नावाच्या अमेरिकन गुंतवणूकदाराचा दहा स्लाइड्स, वीस मिनिटे आणि तीस पॉइंटचे अक्षर असा एक आडाखा आहे. त्यातले तीसचे अक्षर आम्ही पाळले. एवढ्या मोठ्या अक्षरात तक्ता मावतच नाही, हाच त्याचा फायदा. मात्र ईमेलने आधी पाठवायची प्रत वेगळी केली. तिथे बोलायला दादा नसणार, म्हणून प्रत्येक चित्राखाली दोन ओळी जास्त.

भेटीत अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न त्या बारा पेट्यांचाच आला. दादाने परिशिष्टातले पान काढले: नऊ केंद्रांवर पेटीवर दिवसभर झाडाची सावली पडत होती, तीन केंद्रे बंदच पडली. त्यावर दहा मिनिटे बोलणे झाले. कॉम्प्रेसरबद्दल कोणी विचारले नाही. पुढच्या भेटीला त्यांनी सावलीतल्या एका केंद्राचा हिशेब मागितला आहे, आणि दादा सध्या तोच मांडत बसला आहे.