काळी पाटी, पिवळी अक्षरे

शाळांना सुट्टी लागली की शिरूरमधली निदान चार-पाच कुटुंबे गोव्याला जाण्याआधी माझ्याकडे येऊन जातात. मी गाड्यांचे विमे उतरवतो, त्यामुळे त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "भाईजान, तिथे भाड्याने स्कूटर घेणार आहोत. काही झालं तर विमा मिळतो ना?" उत्तर हो किंवा नाही एवढेच देता येत नाही. मी उलट विचारतो की पाटी कोणत्या रंगाची असेल? बहुतेकांना हा प्रश्न नवीन असतो.

आपल्या घरच्या गाडीची पाटी पांढरी, अक्षरे काळी. शिरूरला एमएच 12, दौंडला एमएच 42, पण रंग तोच. भाड्याने स्वतः चालवायला देण्यासाठी नोंदलेल्या गाडीची पाटी मात्र काळी असते आणि अक्षरे पिवळी. केंद्र सरकारने 1997 साली दुचाकी भाड्याने देण्याची योजना काढली. ती चालवणाऱ्याला परिवहन खात्याचा परवाना लागतो आणि गाडी त्याच कामासाठी नोंदवावी लागते. गोव्यात अशा काळ्या पाटीच्या स्कूटर जागोजाग दिसतात. त्यांच्याच शेजारी पांढऱ्या पाटीच्या गाड्याही उभ्या असतात. कुणी आपली घरची गाडी दिवसाला पन्नास-शंभर रुपये कमी घेऊन देतो आणि सांगतो, "पोलिसांनी विचारलं तर मित्राची आहे म्हणा."

ही पांढरी पाटी आपल्याला महागात पडू शकते. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत गाडी कशासाठी वापरता येईल याचा एक परिच्छेद असतो. त्यात स्वच्छ लिहिलेले असते की भाडे घेऊन वापर केला तर संरक्षण नाही. भाड्याचे पैसे फोनवरून दिले असतील तर त्याची नोंदही राहते. अपघात झाला, तपास करणारा आला आणि त्याला हे कळले, तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारते. समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर न्यायाधिकरण त्याला भरपाई मिळवून देते, पण ती कुणाकडून वसूल करायची हा वाद मालक आणि चालवणारा यांच्यामागे लागतो. तुम्ही परगावचे, मालक तिथला. तारखा पडल्या की फेऱ्या तुमच्याच होणार.

मागच्या सुट्टीत आम्ही नऊ जण गेलो होतो. मी, बायको, आमची दोन मुले, अम्मी आणि दौंडहून आपाचे कुटुंब. दूल्हेभाई रेल्वेत आहेत, त्यामुळे प्रवासाची सगळी व्यवस्था त्यांची आणि गाड्यांची माझी, अशी वाटणी झाली. अम्मी आणि लहान मुलांसाठी टॅक्सी होतीच. दोन स्कूटर तीन दिवसांसाठी घ्यायच्या होत्या. आम्ही काळ्या पाटीच्या निवडल्या. दिवसाला चारशे रुपये भाडे आणि गाडीमागे दोन हजार अनामत.

पैसे देण्याआधी मी दोन्ही नंबर मोबाइलवरच्या एमपरिवाहन अ‍ॅपमध्ये टाकले. गाडी कोणत्या वर्गात नोंदलेली आहे, विमा आणि पीयूसी कुठल्या तारखेपर्यंत आहे, हे तिथे दिसते. एका स्कूटरचा विमा आठ दिवसांपूर्वीच संपला होता. दुकानदार म्हणाला, "नूतनीकरणाला टाकलंय." मी म्हटले, टाकलेला विमा आणि झालेला विमा यांत फरक आहे, दुसरी गाडी द्या. त्याने कुरकुर न करता दिली. विमा नसलेली गाडी पकडली गेली तर पहिल्या वेळी दोन हजारांचा दंड आहे, पण खरी भीती दंडाची नसते, त्या दिवशी कुणाला धडक बसली तर काय, याची असते.

काळी पाटी आणि चालू विमा, एवढे असले तरी सगळे झाले असे नाही. मालकाला विचारायचे की पॉलिसी फक्त थर्ड पार्टी आहे की पूर्ण आहे. थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याचे नुकसान. त्यात गाडी नाही, चालवणारा नाही आणि मागे बसलेली तुमची बायकोही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका प्रकरणात हे स्पष्ट केले आहे की फक्त कायद्यापुरत्या पॉलिसीत मागच्या सीटवरच्या माणसाची जबाबदारी कंपनीवर येत नाही. पूर्ण पॉलिसीत ती येते. पंधरा लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे नाव तुम्ही ऐकले असेल, पण तो गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी आहे, भाडेकरूसाठी नाही. म्हणून चालवणाऱ्याने स्वतःच्या नावाचा अपघात विमा आधीच घेतलेला बरा. दुसरे काही नसेल तर बँकेच्या खात्यातून वर्षाला वीस रुपये कापणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी असावी. तिची रक्कम दोन लाख आहे, पण गाडी कुणाची हा प्रश्न तिथे येत नाही.

लायसन्सचे आमच्याकडे थोडक्यात निभावले असते, पण भाच्याने घोळ घातला. त्याच्याकडे मोटारीचे लायसन्स आहे आणि तो दौंडला मित्रांच्या स्कूटरही फिरवतो. कार्डावर फक्त हलक्या मोटार वाहनाचा वर्ग होता. त्याला वाटे, मोठे वाहन चालते म्हणजे छोटे चालतेच. तसे नसते. दुचाकीचा वर्ग वेगळा लिहिलेला लागतो, नाहीतर कायद्याच्या दृष्टीने लायसन्स नाहीच आणि दंड पाच हजार. दुकानदाराने कार्ड उलटून पाहिलेही नाही. आपाने मात्र पाहिले आणि चावी दूल्हेभाईंच्या हातात गेली. भाचा तीन दिवस मागच्या सीटवर बसून होता.

कार्ड ठेवून जा, असा आग्रह कुणी धरला तर ऐकू नका. मूळ लायसन्स किंवा आधार गहाण टाकायची वस्तू नव्हे. आम्ही डिजिलॉकरमधले लायसन्स दाखवले, तपासणीतही ते चालते. छायाप्रत द्यायची वेळ आली तर तिच्यावर तारीख, गाडीचा नंबर आणि "फक्त भाड्यासाठी" असे आडवे लिहून द्यावे. अनामत शक्यतो फोनवरून द्यावी आणि संदेशात "परत मिळणारी अनामत" हे शब्द टाकावेत.

हेल्मेटबद्दल आमच्या घरातल्या बायकांचा अनुभव सांगतो. दोघांनाही हेल्मेट लागते, मागच्यालाही, आणि चार वर्षांवरच्या मुलालाही. नाही घातले तर हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकते. दुकानातली हेल्मेटे पुरुषांच्या मापाची आणि सैल झालेली असतात. बायकोने हिजाबावर एक घालून पाहिले आणि मान हलवताच ते डोळ्यांवर आले. आयएसआय खूण आणि 4151 हा आकडा असलेले घ्यायचे, पट्टा हनुवटीखाली बसला की दोन बोटे जेमतेम जावीत, आणि हेल्मेट हलवल्यावर डोक्याची कातडीही सोबत हलली पाहिजे. हिजाबाखाली जाड क्लिप किंवा टाचण्या नकोत, गाठ मानेच्या खाली घ्यावी. आपाने सरळ दौंडहून स्वतःचे हेल्मेट आणले होते, मला तेच शहाणपणाचे वाटले.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मागच्या चाकाची जाळी, जिला आपण साडीगार्ड म्हणतो. नियमाप्रमाणे मागचे चाक निम्मे तरी झाकलेले हवे. बुरखा, ओढणी किंवा साडीचा पदर तारांत गुंतला की बसलेली व्यक्ती मागे खेचली जाते, आणि वेग कमी असला तरी ती पडते. एका स्कूटरची जाळी वाकून टायरला लागत होती. ती सरळ करून घेतली, मगच बायको बसली.

आता फोटो. माझ्या धंद्यात दावा आला की पहिली मागणी फोटोंची असते, म्हणून ही सवय आहे. दुकानदाराने गाडी नुकतीच धुतली असेल तर ती आधी पुसून घ्या, कारण ओल्या प्लास्टिकवर ओरखडे दिसत नाहीत. उन्हात उभी करा. व्हिडिओ नंबरच्या पाटीपासून सुरू करा आणि न थांबवता डावीकडून पूर्ण फेरी घ्या. आरसे, दोन्ही ब्रेक लिव्हरची टोके, पुढचे पॅनेल, पाय ठेवण्याच्या खालच्या कडा, सायलेन्सरचे कव्हर, सीटची शिवण. गाडी पडते तेव्हा ह्याच जागा जमिनीला टेकतात. मग चावी फिरवून किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो. शेवटी सगळे दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिथेच पाठवा. फोटो आपल्याच फोनमध्ये राहिला तर तारखेवरून वाद होतो, त्याच्या फोनवर पोचला की होत नाही.

आम्ही तसेच केले होते, सकाळी सव्वादहा वाजता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाड्या परत केल्या तर दुकानातल्या मुलाने डाव्या बाजूच्या खालच्या पॅनेलची चीर दाखवली आणि अठराशे रुपये मागितले. मी त्याला त्याच्याच फोनमधला व्हिडिओ उघडायला सांगितले. चीर तिथेही होती. शिवाय तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या आणि आत तांबडी माती बसली होती. ताज्या तुटीच्या कडा धारदार असतात, प्लास्टिक पांढरट दिसते आणि बोट फिरवले की भुकटी लागते. मुलगा मालकाशी बोलला आणि ती मागणी सोडली.

दुसऱ्या गाडीचे ब्रेक लिव्हरचे टोक मात्र खरेच वाकले होते. किनाऱ्यावर स्टँड वाळूत रुतले आणि उभी गाडी आडवी झाली. दुकानदाराच्या ते लक्षात आले नव्हते. अम्मी टॅक्सीतूनच म्हणाल्या, "परक्याची अमानत आहे, सांगून टाका." दूल्हेभाईंनी सांगितले. लिव्हरचे दोनशे रुपये ठरले, तेवढे अनामतीतून कापून आठराशे परत आले, पहिल्या गाडीचे पूर्ण दोन हजार.

भाचा वाटेत म्हणाला की पूर्ण विमा होता तर दोनशे तरी का द्यायचे? बरोबर प्रश्न होता. एवढ्याशा गोष्टीसाठी दावा केला तर मालकाची पुढच्या वर्षीची नो क्लेम सवलत जाते, ती लिव्हरपेक्षा महाग असते. म्हणून छोटे नुकसान नेहमी अनामतीतूनच वसूल होणार, आणि म्हणूनच भाव तिथल्या तिथे ठरवून घ्यायचा. सुट्या भागाचा दर जवळच्या गॅरेजमध्ये विचारायला पाच मिनिटे लागतात.

एक गोष्ट परत आल्यावरही उरते. कॅमेऱ्याने टिपलेले चलान मालकाच्या नावावर काही दिवसांनी उतरते. म्हणून गाडी परत केल्याची तारीख आणि वेळ, किलोमीटरच्या फोटोसह, पुन्हा त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा. आम्हाला बारा दिवसांनी एका चलानाचा संदेश आला होता. त्यावरची वेळ आम्ही गाडी दिल्यानंतरच्या रात्रीची होती. मी फोटो पुढे पाठवला. उत्तर आले, "ठीक आहे साहेब, दुसऱ्या गिऱ्हाईकाचं."