पाच दिवस मोजायचे कुठून?

‘आपल्या खात्यातून ४००० रुपये वजा झाले आहेत.’ मेसेज आला तेव्हा मी एटीएमसमोरच उभा होतो आणि मशीनचं तोंड बंद होतं. नोटा नाहीत, पावती नाही. आत थोडी घरघर झाली, स्क्रीनवर व्यवहार पूर्ण होऊ शकत नाही असं आलं आणि कार्ड बाहेर आलं. शनिवारची रात्र, महिन्याची ६ तारीख. खात्यात उरले २१२ रुपये आणि मेसच्या काकूंना पैसे सोमवारपर्यंत द्यायचे होते.

पहिल्यांदा वाटतं, आपल्याला कोणीतरी लुटलं. खरं तर असं होण्याचं कारण क्रमात असतं. आपण पिन टाकून रक्कम सांगितली की मशीन आधी आपल्या बँकेला विचारतं. बँक शिल्लक बघते, रक्कम वजा करते आणि ‘दे’ म्हणून कळवते. नोटा त्यानंतर सुटतात. म्हणजे पैसे हातात येण्याआधीच खात्यातून गेलेले असतात. नोट अडकली तर मशीनने उलटा निरोप पाठवायचा, की दिले नाहीत, परत जमा करा. हा निरोप पोचला तर काही मिनिटांतच पैसे परत दिसतात. मधेच लाइन तुटली तर बँकेच्या लेखी पैसे तुम्हाला मिळालेले असतात.

मग उरतो हिशेब. प्रत्येक व्यवहारात काय झालं याची नोंद मशीन स्वतःकडे ठेवतं. रोकड मोजली की माझे न दिलेले ४००० तिथे जास्तीचे निघतात. ते मशीन दुसऱ्या बँकेचं होतं, त्यामुळे हा ताळा दोन बँकांमध्ये जुळायला हवा. वेळ लागतो तो त्यालाच.

सोमवारी मी शाखेत गेलो. माझ्याच बँकेच्या, कारण मशीन कोणाचंही असो, तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे करायची असते. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, “सात वर्किंग डेज लागतील. वाट बघा.”

“पण मॅडम, नियम पाच दिवसांचा आहे ना?”

“तुम्ही अर्ज देऊन ठेवा.”

सात कामकाजाचे दिवस हा जुना नियम, २०११चा, आणि ते तक्रारीपासून मोजायचे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाने तो बदलला. १५ ऑक्टोबर २०१९पासून मुदत आहे ‘T+5’. T म्हणजे व्यवहाराची तारीख, तीही कॅलेंडरवरची. तक्रार केली नाही तरी बँकेने स्वतःहून पाच दिवसांत पैसे परत करायचे. उशीर झाला तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता.

फरक किती पडतो बघा. जुन्या हिशेबाने सोमवारच्या तक्रारीपासून, दुसरा शनिवार आणि रविवार वगळून, मुदत १७ तारखेपर्यंत गेली असती. नव्या हिशेबाने ६ अधिक ५, म्हणजे ११ तारीख.

मी अर्जात व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, मेसेजमधला संदर्भ क्रमांक आणि एटीएमचा पत्ता लिहिला. पावती नव्हती, तर मेसेजचा स्क्रीनशॉट जोडला. तक्रार क्रमांक मागून घेतला. बँकेचा फोन नंबर कार्डाच्या मागे असतो, तोच वापरावा. नेटवर शोधलेल्या नंबरवर बसलेले भामटे अशाच गरजूंची वाट बघत असतात.

तो आठवडा मी रूममेटच्या उधारीवर काढला. काकूंनी “दे रे सावकाश” म्हटलं, पण रोज ताट घेताना मान खाली जायची. ४००० रुपये १५ तारखेला जमा झाले. फक्त ४०००.

११च्या पुढे १२, १३, १४, १५, असे चार दिवस. माझे ४०० रुपये बाकी होते. मी त्याच तक्रार क्रमांकाचा उल्लेख करून परिपत्रकाची तारीख आणि ही चार दिवसांची मोजणी ई-मेलने पाठवली. नऊ दिवसांनी ४०० जमा झाले. उत्तर एका ओळीचं होतं, माफी वगैरे नव्हती.

दरवेळी इतकं सरळ होत नाही. कधी बँक कळवते, ‘नोंदीनुसार व्यवहार यशस्वी’, आणि तक्रार बंद करते. तेव्हा मशीनची त्या व्यवहाराची नोंद आणि सीसीटीव्ही चित्रण तपासायची मागणी लेखी करावी, तीही लवकर, कारण चित्रण कायम साठवलेलं नसतं. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

भरपाई न मागता मिळावी असं नियम म्हणतो. तरी पैसे परत आल्याच्या आनंदात बहुतेक जण दिवस मोजायचे सोडून देतात. शंभर रुपये म्हणजे आमच्या मेसमधली दोन वेळची थाळी. मेसेज आला की त्याची तारीख लिहा, तिच्यात पाच मिळवा, आणि सहाव्या दिवसापासून मोजायला लागा.