आवक

गणिताच्या पुस्तकातले नळ फार सज्जन होते. पहिला नळ हौद 4 तासांत भरायचा, दुसरा 6 तासांत, आणि दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल, असा प्रश्न असे. एका तासात एक चतुर्थांश अधिक एक षष्ठांश म्हणजे पाच बारांश, म्हणून 2 तास 24 मिनिटे. अधूनमधून हौद रिकामा करणारा तिसरा नळही असायचा. तो उघडा ठेवणाऱ्याला घरात कोणी बोलत कसं नाही, हे मला कधी कळलं नाही. पण त्या नळांची खरी कमाल म्हणजे पहिल्या मिनिटाला जेवढी धार, तेवढीच शेवटच्या मिनिटाला.

कराडला आमच्या परसात दगडी हौद होता. त्यात येणारं पाणी असं कधीच वागलं नाही. पहाटे नळातून आधी नुसती हवा फुसफुसायची, मग गढूळ थेंब, मग करंगळीएवढी धार. हळूहळू ती जोर धरायची आणि आळी जागी झाली की पुन्हा बारीक व्हायची. आजी हौदाशेजारी बांबूची एक काठी ठेवायची, तिच्यावर विळीने खाचा पाडलेल्या. किती पाणी आलं ते ती नळाकडे बघून कधीच सांगत नसे. काठी बुडवायची, ओल कुठवर चढली ते बघायची आणि सांगायची, ‘दोन खाचा आलंय, आज धुणं काढा.’ धार कितीही नखरे करो, हौदाच्या भिंती उभ्या आणि सरळ होत्या, त्यामुळे प्रत्येक खाचेत पाणी सारखंच.

धार का बदलते, हे पुढे स्थापत्यशास्त्र शिकताना कळलं. गावाची उंचावरची टाकी भरलेली असते तेव्हा दाब चांगला असतो. टाकी उतरत जाते तसा तो कमी होतो. पण धार दाबाच्या वर्गमुळाने बदलते, म्हणजे दाब अर्ध्यावर आला तरी धार रुपयातल्या अकरा आण्यांवर टिकून राहते. तिला खरं मारतात ते शेजारी. एकाच वाहिनीवर शंभर तोट्या उघडल्या, त्यात चार घरांनी थेट नळालाच मोटर जोडली, की शेवटच्या घरी भांडं भरेना. त्याच वर्षी सरांनी फळ्यावर वेळेचा आडवा आणि धारेच्या वेगाचा उभा अक्ष काढला, त्यावर एक टेकडीसारखी वक्ररेषा ओढली आणि तिच्याखालचा भाग खडूने भरून टाकला. ‘हे जमा झालेलं पाणी,’ म्हणाले. मला एकदम आमच्या नळाची पहाट दिसली. फुसफुस डावीकडे, ऐन भर मध्ये, आणि आळी उठली की उजवा उतार.

त्या टेकडीखालचं पाणी प्रत्यक्ष मोजायची वेळ मात्र पुण्यात, आमच्या सोसायटीत आली. सोळा घरं, चौसष्ट माणसं. महापालिकेचं पाणी पहाटे 5 ते 9 जमिनीखालच्या टाकीत यायचं आणि नंतर मोटरने गच्चीवर चढायचं. पाणी पुरत नाही, तक्रार करू, रोज टँकर लावू, अशी बोलणी सुरू झाली. वाहिनीवर मीटर होता, पण जिथे पाणी काही तासच येतं तिथे वाहिनीत साठलेली हवाही त्याची चक्रं फिरवते. सुरुवातीच्या फुसफुशीत तो जोरात पळताना मी पाहिला आहे. म्हणून ठरलं, एका सकाळी मोटर बंद ठेवायची, पाइपाच्या तोंडाला होज लावायचा, दर तासाला 20 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहायचं आणि बादली परत टाकीत ओतायची.

पाचला बादलीला दोन मिनिटं लागली. सहाला तीस सेकंद, सातला वीस, आठला चाळीस. नऊला धार संपली होती. ताशी लिटरमध्ये मांडलं तर 600, 2400, 3600, 1800 आणि शेवटी शून्य. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, आकडेमोडीत वाघ. त्यांनी पाचही आकड्यांची सरासरी काढली, 1680, तिला चार तासांनी गुणलं आणि 6720 लिटर जाहीर केले. दरडोई 135 लिटरच्या सरकारी मापाने आम्हाला 8640 हवेत. जवळजवळ दोन हजारांची तूट! तक्रारीचा मसुदा तिथल्या तिथे तयार झाला.

सरासरी काढण्यात गैर काही नव्हतं, पण ती कशाची काढली ते बघायला हवं. सहाची नोंद तिच्या अलीकडच्या अर्ध्या तासाची आणि पलीकडच्याही अर्ध्या तासाची साक्ष देते. पाचच्या नोंदीला अलीकडचा अर्धा तास नाहीच, आणि नऊच्या नोंदीला पलीकडचा नाही. म्हणजे टोकाच्या दोन नोंदींना निम्मंच वजन मिळायला हवं. अध्यक्षांच्या हिशोबात त्या दोन सर्वांत बारीक धारा मधल्या भरघोस धारांच्या बरोबरीने पंगतीला बसल्या होत्या. त्याऐवजी तासातासाने जावं. पाच ते सहा या तासात धार 600 वरून 2400 वर गेली, तर मधली 1500 धरावी. पुढच्या तासाला 3000, मग 2700 आणि शेवटच्या तासाला 900. बेरीज 8100. वक्ररेषेवर लागोपाठचे बिंदू सरळ रेघांनी जोडले तर खाली समलंब चौकोन उभे राहतात, त्यांचं हे क्षेत्रफळ. (आमच्या टोकाच्या चौकोनाचा, धार शून्यावर आल्यामुळे, त्रिकोण झाला होता.)

‘हे तुमचं इंजिनिअरांचं झालं, ताई. बरोबर कोण ते कसं ठरवायचं?’ अध्यक्षांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. टाकी आतून 4 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे तळ 10 चौरस मीटर. पाणी एक सेंटीमीटर चढलं की बरोबर शंभर लिटर. खाचा पाडायचीही गरज नव्हती, मोजपट्टी चिकटवलेली प्लास्टिकची नळी पुरली. टाकीचा तळ मोटरच्या खड्ड्याकडे उतरता केलेला असतो, त्यामुळे तळाजवळचे पहिले काही सेंटीमीटर शंभरचा हिशोब पाळत नाहीत. म्हणून आम्ही टाकी आदल्या रात्री पूर्ण उपसली नव्हती. पाचला नळीवर 40 सेंटीमीटर होते, नऊला 126. फरक 86, म्हणजे 8600 लिटर. माप आणि गरज यांत चाळीस लिटरांचा फरक, दोन बादल्या.

अध्यक्ष पडलेच, पण माझेही पाचशे लिटर कुठे गेले होते? ते साडेसहाला सापडले. त्या वेळी धारेचा आवाज वाढल्यासारखा वाटला म्हणून मी मध्येच एक बादली लावून बघितली होती आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, 18 सेकंद. म्हणजे ताशी 4000 लिटर. टेकडीचा माथा सहा आणि सातच्या मधे होता, आणि दोन नोंदींमध्ये ओढलेली सरळ रेघ तो माथा छाटून गेली होती. त्या तासाचे दोन अर्धे तास केले की पहिल्या अर्ध्यात 1600 आणि दुसऱ्यात 1900 येतात, 3000 ऐवजी 3500. एकूण 8600. इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा नशिबाचा भाग, कारण बादली पाच-दहा टक्के इकडे-तिकडे होतेच. पण चूक कुठल्या बाजूला पडणार, हे नशिबावर नव्हतं. वर फुगलेल्या रेषेखाली सरळ रेघा ओढल्या की उत्तर नेहमी कमीच येतं. उपाय म्हणजे सगळीकडे नोंदी वाढवणं नव्हे, रेषा जिथे जास्त वळते तिथे वाढवणं.

तक्रार गेली नाही. पाणी पुरत का नव्हतं, त्याचं उत्तर गच्चीवरच्या टाकीच्या गळक्या फ्लोट व्हॉल्व्हमध्ये निघालं, पण ती वेगळी कहाणी.

आता पावसाळ्यात सकाळी मी वर्तमानपत्रात आधी कोयनेचे आकडे बघते. कराडच्या माणसाची ही खोडच. पाणीसाठा टीएमसीत, आवक आणि विसर्ग क्युसेकमध्ये. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे 86,400 सेकंद धरले तर साधारण 11,574 क्युसेकची आवक दिवसभर टिकली की धरणात एक टीएमसी जमतो. एका क्युसेकने आमच्या सोसायटीची चार तासांची कमाई पाच मिनिटांत येईल. लोक मात्र ‘आवक पस्तीस हजार झाली’ हे ऐकून तीन टीएमसी आले असं समजतात. पस्तीस हजार ही सकाळी आठची धार. ती रात्रभर होती की तासाभरापूर्वी वाढली, ते कळल्याशिवाय साठा सांगता येत नाही.

ही आवक मोजतात कशी, हे मी धरणावर नोकरी केलेल्या मावसभावाला विचारलं. माझी समजूत होती की नदीच्या मुखाशी बादलीचा काहीतरी मोठा भाऊ असेल. तो हसला. जलाशयाला ओढे-नाले शेकड्यांनी येऊन मिळतात, पाऊस थेट पाण्यावर पडतो, कुठेकुठे बादल्या लावणार? तिथे चालते ती आजीची काठी. भिंतीशी पातळी वाचायची. कोणत्या उंचीला किती साठा, याचा तक्ता तयार असतो, कारण दरीच्या भिंती आमच्या हौदासारख्या उभ्या नाहीत आणि वरच्या एका फुटात तळाच्या फुटापेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं. तक्त्यावरून साठ्यातली वाढ काढायची, तेवढ्या वेळात दारांतून आणि वीजगृहाकडे सोडलेलं पाणी तिच्यात मिळवायचं आणि वेळेने भागायचं. सोसायटीत आम्ही धारेवरून साठा काढला, इथे साठ्यावरून धार काढतात.

आणि इथे एक गंमत आहे. बेरीज करताना एखादी बादली थोडी चुकली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. वजाबाकीत तसं होत नाही. भरलेल्या कोयनेचं पाणी शंभराहून अधिक चौरस किलोमीटरवर पसरतं. शंभरच धरले, तरी पातळी वाचताना एक सेंटीमीटर चुकला तर दहा लाख घनमीटर पाणी कागदावर येतं किंवा जातं. ते एका तासावर वाटलं तर आवक 9,800 क्युसेकनी चुकते, चोवीस तासांवर वाटलं तर फक्त चारशेंनी. वादळी वारा पाणी एका काठाकडे रेटतो तेव्हा सेंटीमीटरचा फरक काहीच नाही. पाऊस कमी असताना दर तासाची आवक काढत बसलं तर कधीकधी ती चक्क उणे येते, असं भाऊ म्हणाला. जणू धरणातून नद्या उलट्या डोंगरावर चढल्या.

‘मग तुम्ही काय लिहिता?’ मी विचारलं.

‘थांबतो. अजून दोन-तीन वाचनं होऊ देतो आणि मग सगळ्यांची मिळून एक आवक लिहितो. पण मुसळधार सुरू असली तर थांबता येत नाही. तेव्हा दर तासाची लागतेच, कारण खाली दारं किती उघडायची ते तिच्यावर ठरतं.’