आईची अंजिरं आणि साखरेचा हिशोब

आईला सकाळी पोट साफ न होण्याचा त्रास सुरू झाला तो ऐंशीच्या उंबरठ्यावर. मधुमेह आधीपासून होताच, त्यात कॅल्शियमची आणि लोहाची गोळी आली. दात गेल्यामुळे काकडी-गाजर बंद झालं. रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून दुपारनंतर ती पाणीही हात राखून प्यायची. दोन-तीन दिवस शौचाला व्हायचं नाही, आणि व्हायचं तेव्हा कुंथून जीव मेटाकुटीला यायचा. शेजारच्या काकूंनी रामबाण उपाय सांगितला: रात्री अंजिरं भिजत घालायची, सकाळी चावून खायची आणि वरून तेच पाणी प्यायचं.

गुण आला. पण आईने मग आपल्याच मनाने संख्या वाढवत चार अंजिरांवर नेली, शिवाय भाच्याने आणून दिलेल्या पाकिटातले पाच प्रून्स रोज सुरू केले. "अगं, फळच आहे ते, त्यात कुठे साखर असते?" असं ती अगदी खात्रीने म्हणायची. नाश्त्यानंतर दोन तासांची साखर 240च्या घरात जायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी औषध वाढवण्याआधी विचारलं, "आजी, सकाळी उठल्यापासून काय काय खाता, सगळं सांगा."

त्या दिवशी घरी येऊन मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की अंजिरं मोजायची नसतात, तोलायची असतात. आमच्याकडे दोरीत ओवलेली, चपटी केलेली अफगाणी अंजिरं येतात. त्यात एखादं आठ-नऊ ग्रॅमचं असतं, तर एखादं वीसला टेकतं. तोलायचीही कोरडीच, कारण भिजून फुगल्यावर पाण्याचं वजन त्यात येतं. आईच्या वाटीतली चार अंजिरं साठ ग्रॅम भरली. सुक्या अंजिरात शंभर ग्रॅममागे साधारण 48 ग्रॅम साखर असते, म्हणजे एकट्या अंजिरांतून 29 ग्रॅम. पाच प्रून्स चाळीस ग्रॅम भरले. त्यांच्यात शंभराला 38 या हिशोबाने 15 ग्रॅम. दोन्ही मिळून 44 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमचा चमचा धरला तर जवळजवळ नऊ चमचे. चहात साखर न घालणारी माझी आई दिवस उजाडताच एवढी साखर घेत होती, आणि त्यावर पोहे किंवा उपमा होताच. पाकिटावर 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं. ही सगळी फळाची स्वतःचीच साखर. वाळवताना पाणी उडून जातं आणि साखर तेवढीच उरते.

भिजवल्याने साखर निघून जाते, असं बरेच जण धरून चालतात. थोडी पाण्यात उतरते खरी, पण ते पाणी आपण पिऊन टाकतो. पाणी फेकलं तर साखर थोडी कमी होईल, पण पोटाला उपयोगी पडणारी द्रव्यंही त्याच्याबरोबर मोरीत जातील. त्यापेक्षा पाणी पिऊन फळच कमी खाल्लेलं बरं. भिजवण्याचा खरा फायदा बिनदाताच्या तोंडाला होतो. साल मऊ पडते आणि घोटभर पाणीही आपोआप पोटात जातं. आणखी एक गोष्ट मी कधी चुकवत नाही: भिजलेलं अंजीर बोटांनी उघडून आतून बघते. कधी आत अळी असते, कधी काळपट भुकटी. आईच्या कवळीखाली अंजिराच्या बारीक बिया अडकून हिरडी दुखायची, म्हणून खाऊन झाल्यावर कवळी काढून धुणं हाही आता रोजचा भाग आहे.

डॉक्टरांशी बोलताना दोन्हींतला फरक कळला, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरलं. अंजीर मुख्यतः चोथ्याच्या जोरावर काम करतं. प्रूनमध्ये चोथा थोडा कमी, पण त्यात सॉर्बिटॉल भरपूर असतं, शंभर ग्रॅममागे सुमारे पंधरा ग्रॅम. हे सॉर्बिटॉल आतड्यात पुरतं शोषलं जात नाही. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे मळ मऊ राहतो. रक्तातली साखरही प्रूनने अंजिरापेक्षा सावकाश चढते. म्हणून मधुमेही माणसासाठी मी अंजिरापेक्षा प्रूनच्या बाजूने आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांचा 2011 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात रोज शंभर ग्रॅम प्रून्स इसबगोलापेक्षा सरस ठरले होते. पण शंभर ग्रॅम म्हणजे डझनभर प्रून्स आणि 38 ग्रॅम साखर. ती माणसंही आईपेक्षा कितीतरी तरुण होती. तो आकडा तिला लावणं मला पटलं नाही.

आधी सगळं थांबवून दोन प्रून्सपासून सुरुवात केली. तीन-चार दिवस तेवढेच, मग तीन, आणि सोबत एक लहानसं अंजीर, कारण त्याशिवाय आईचं समाधान होईना. बिया काढलेले तीन प्रून्स पंचवीस ग्रॅम आणि अंजीर पंधरा ग्रॅमच्या आतलं. साखर सोळा-सतरा ग्रॅम, म्हणजे पूर्वीच्या निम्म्याहून कमी. हे नाश्त्याच्या वर नाही, त्यातलंच काहीतरी कमी करून. पोह्यांचा एक डाव कमी केला आणि दुपारच्या दोन खजुरांना रजा दिली. लोहाची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली आणि पाणी संध्याकाळी सहाच्या आत संपवायचं ठरलं. पाणी नसेल तर चोथा पोटात नुसता साचतो. महिन्याभरात नाश्त्यानंतरची साखर 190च्या आसपास आली आणि शौचाला एक दिवसाआड, पण न कुंथता व्हायला लागलं. रोज झालंच पाहिजे हा आईचा हट्ट सोडवायलाच जास्त वेळ लागला.

प्रमाण जास्त झालं की पोट सांगतं: गुडगुड, फुगारा, मग पातळ शौच. पातळ झालं की त्या दिवशी फळ बंद, कारण या वयात दोन-तीन जुलाबांनीही अंगातलं पाणी झटकन कमी होतं आणि चक्कर येऊन पडण्याची भीती असते. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. दोन्ही फळांत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते शरीराबाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडाचंच.

फळाच्या आवाक्याबाहेरची एक अवस्था माझ्या मावशीच्या बाबतीत मी जवळून पाहिली. बरेच दिवस शौचाला झालेलं नव्हतं आणि मग अचानक कपड्यांत पाण्यासारखं गळायला लागलं. घरच्यांना जुलाब वाटले. प्रत्यक्षात खाली मळाचा घट्ट खडा बसला होता आणि वरचं पातळ त्याच्या कडेने वाट काढत होतं. अशा वेळी अंजीर, प्रून, इसबगोल काहीही वाढवलं तर मागून नुसती भर पडते. खडा डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा लागतो. मावशीचा काढल्यावर तिला रात्रीत भूक लागली. शौचातून रक्त, वजन उतरणं, उलट्या, पोट ताठ होऊन वाराही न सरणं, किंवा आयुष्यभर नियमित असलेल्या माणसाला म्हातारपणी नव्याने बद्धकोष्ठ होणं, यातलं काही दिसलं तर फळ बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.